नव्या वापरकर्त्याचा पहिला आठवडा: मेसेज कधी पाठवायचे आणि कुठे थांबायचं

नवीन अ‍ॅप टाकलं, खातं उघडलं, जे करायचं होतं ते पाच मिनिटांत करूनही झालं. दुसऱ्या दिवशी मेसेज येतो, 'तुम्ही अजून सुरुवात केली नाही!' तिसऱ्या दिवशी तोच मजकूर ईमेलने. पाचव्या दिवशी 'आम्हाला तुमची आठवण येते'. आपण तर कालच अ‍ॅप वापरलेलं असतं. मग हे कोण पाठवतंय, आणि त्याला एवढंही कसं कळत नाही?

पाठवणारी एक आधीच लावून ठेवलेली मेसेजची मालिका असते. नव्या माणसाला अ‍ॅपची ओळख करून देऊन त्याला पहिल्या उपयोगापर्यंत पोचवण्याच्या कामाला ऑनबोर्डिंग म्हणतात, आणि ही मालिका त्याचाच भाग. पहिला दिवस एक मेसेज, दुसरा दिवस दुसरा, असं वेळापत्रक कुणीतरी एकदा बसवतं आणि मग ते येणाऱ्या प्रत्येकासाठी आपोआप चालू होतं. बहुतेक मालिकांमध्ये कधी सुरू व्हायचं हे नीट लिहिलेलं असतं. कधी थांबायचं हे मात्र कुणी लिहिलेलंच नसतं, आणि वरचे सगळे वेडगळ मेसेज तिथूनच येतात. म्हणून या लेखात मजकूर कसा लिहावा हे बाजूला ठेवतो आणि दोनच गोष्टींकडे बघतो: दोन मेसेजमधलं अंतर, आणि थांबायच्या अटी.

उदाहरणासाठी एकच अ‍ॅप धरू. रोजचा खर्च नोंदवायचं साधं अ‍ॅप. खर्च झाला की आकडा टाकायचा, महिनाअखेरीस पैसे कुठे गेले ते बघायचं.

## आधी शेवट ठरवायचा

मालिका आखायला बसलं की हात आपोआप पहिल्या मेसेजकडे जातो. स्वागत कसं करायचं, नाव घालायचं का, असे प्रश्न आधी सुचतात. माझं म्हणणं आहे की सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी. नव्या माणसाने पहिल्या आठवड्यात नेमकं काय केलं म्हणजे आपलं बोलणं संपलं?

'अ‍ॅप उघडलं' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही, कारण उघडून लगेच बंद करणारेही असतात. 'प्रोफाइल पूर्ण केलं' हेही नाही. त्यातून माहिती आपल्याला मिळते, त्या माणसाच्या हाती काही पडत नाही. ज्या क्षणी अ‍ॅपचा उपयोग त्याला स्वतःला दिसतो, ती खूण हवी. आपल्या अ‍ॅपसाठी ती अशी ठरवू: दोन वेगवेगळ्या दिवशी मिळून किमान तीन नोंदी. एका दिवसात तीन नोंदी करणारा कदाचित नुसतं चाचपून बघत असेल. दुसऱ्या दिवशी परत आला, म्हणजे खर्च आणि अ‍ॅप यांची त्याच्या डोक्यात सांगड बसायला लागली.

ही खूण अंदाजाने ठरवायची नसते. तीन-चार महिन्यांपूर्वी आलेल्या लोकांची नोंदवही उघडायची. त्यातले चौथ्या आठवड्यातही अ‍ॅप वापरणारे एका बाजूला, सोडून गेलेले दुसऱ्या बाजूला. दोघांनी पहिल्या आठवड्यात काय केलं याची तुलना करायची आणि जिथे फरक सगळ्यात ठळक दिसेल तिथे खूण ठेवायची. एक सावधगिरी मात्र हवी. टिकलेल्यांनी तीन नोंदी केल्या होत्या म्हणून कुणाकडूनही तीन नोंदी करवून घेतल्या की तो टिकेल, असं होत नाही. ज्याला मुळात हिशेब ठेवायची गरज आहे तो नोंदीही करतो आणि टिकतोही. खुणेचं काम इतकंच, की मालिकेने कुठे गप्प बसायचं हे तिला कळावं.

## तारखेप्रमाणे नाही, अवस्थेप्रमाणे

डॉक्टर तापाची गोळी देतात तेव्हा सांगणं साधारण असं असतं: ताप असेल तरच घ्या, दोन गोळ्यांमध्ये काही तासांचं अंतर ठेवा, दिवसात अमुकपेक्षा जास्त नको, ताप उतरला की बंद करा, आणि तीन दिवसांत उतरला नाही तर गोळ्या वाढवू नका, येऊन भेटा. मेसेजची चांगली मालिका अगदी याच चिठ्ठीसारखी असते. अट, किमान अंतर, कमाल संख्या, गुण आल्यावर थांबणं आणि गुण न आल्यावरही थांबणं, हे पाचही तिच्यात असतात. वेळापत्रकाची मालिका म्हणजे ताप आहे की नाही हे न बघता रोज गोळी.

आता आपल्या अ‍ॅपमध्ये आलेला माणूस कोणकोणत्या अवस्थेत असू शकतो ते बघू. खातं आहे पण नोंद एकही नाही, ही पहिली. एक-दोन नोंदी झाल्या पण खूण गाठलेली नाही, ही दुसरी. खूण गाठली, ही तिसरी. मेसेज फक्त पहिल्या दोन अवस्थांसाठी असतात, आणि माणूस एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत गेला की मागच्या अवस्थेचे उरलेले सगळे मेसेज रद्द. इतकं एक पथ्य पाळलं तरी सुरुवातीला सांगितलेला 'अजून सुरुवात केली नाही' हा मेसेज जवळजवळ नाहीसा होतो. पूर्ण का नाही होत, ते पुढे येईल.

याहून खोलवरचा प्रश्न असा की माणूस पुढे का गेला नाही? तो विसरला असेल, अडकला असेल, किंवा त्याला ते नकोच असेल. आठवण करून देणारा मेसेज या तिघांपैकी फक्त पहिल्याच्या कामाचा. अडकलेला माणूस नोंदीत ओळखू येतो: त्याने 'नवी नोंद' हा पडदा उघडला, पण जतन न करताच बाहेर पडला. आपल्या अ‍ॅपमध्ये नोंद जतन करण्याआधी खर्चाचा प्रकार निवडावा लागत असेल, तर तो तिथेच थबकला असण्याची शक्यता मोठी. त्याला 'विसरलात का?' विचारणं चुकीचं. 'नुसता आकडा टाकला तरी चालतं, प्रकार नंतर निवडा' हे सांगणं बरोबर. (आणि असे बरेच जण सापडले तर मेसेज लिहीत बसू नये, तो पडदा दुरुस्त करावा.) ज्याला अ‍ॅप नकोच आहे त्याच्यावर कुठलाच मेसेज लागू पडत नाही, आणि मालिकेला कमाल संख्या ठेवायची ती मुख्यतः त्याच्यासाठी.

## पण मेसेज पोचतो तरी का?

फोनच्या पडद्यावर वर झळकणाऱ्या मेसेजला पुश नोटिफिकेशन म्हणतात. इथून पुढे नुसतं पुश म्हणतो. पुश पाठवायला आता माणसाची परवानगी लागते. आयफोनवर ती पूर्वीपासूनच लागायची. अँड्रॉइडवर २०२२ साली आलेल्या अँड्रॉइड १३ पासून, नव्याने टाकलेल्या अ‍ॅपचे पुश बंदच असतात आणि विचारून होकार मिळाल्याशिवाय सुरू होत नाहीत.

मोजक्याच वेळा विचारता येतं, हे त्याहून महत्त्वाचं. आयफोन परवानगीची चौकट एकदाच दाखवतो. अँड्रॉइडवर दोनदा नकार मिळाला की चौकट पुन्हा येत नाही. त्यानंतर माणसाने स्वतः सेटिंगमध्ये जाऊन चालू केलं तरच. अ‍ॅप पहिल्यांदा उघडताक्षणी, आत काय आहे हे कळायच्या आधीच ही चौकट पुढे करणं म्हणजे ती मोजकी संधी वाया घालवणं. आपल्या अ‍ॅपमध्ये ती पहिली नोंद जतन झाल्यावर यावी, एका ओळीच्या कारणासह: 'ज्या दिवशी नोंद राहील त्या संध्याकाळी आठवण करून देऊ का?'

यातून एक गोष्ट आपोआप ठरते, आणि ती बऱ्याच आराखड्यांत सुटलेली दिसते. परवानगी पहिल्या नोंदीनंतर मागायची, तर एकही नोंद न केलेल्या माणसाला पुश जाऊच शकत नाही. ज्याला हाक मारायची सगळ्यात जास्त गरज वाटते, त्याच्यापर्यंत हा रस्ताच नाही. त्याने खातं उघडताना ईमेल दिला असेल तर ईमेल, नाहीतर गप्प राहणं. हे मान्य करूनच मालिका आखावी लागते.

## अंतर किती ठेवायचं?

एकही नोंद न केलेल्यांसाठी दोन ईमेल: पहिला दुसऱ्या दिवशी, दुसरा त्यानंतर तीन दिवसांनी, आणि दोन्ही वेगळ्या अडथळ्याबद्दल. बस. खातं उघडल्यावर दहा मिनिटांत जाणारा 'स्वागत आहे' ईमेल मी ठेवणार नाही. माणूस तेव्हा अ‍ॅपच्या आतच असतो, त्याला जे सांगायचं ते तिथेच पडद्यावर सांगता येतं. पत्ता खरा आहे का हे तपासणारा ईमेल मात्र तत्काळच जायला हवा, कारण माणूस त्याची वाट बघत असतो. तो या मालिकेत मोजायचा नाही.

एक-दोन नोंदी झालेल्यांसाठी पुश, जास्तीत जास्त तीन: शेवटच्या नोंदीनंतर पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी. म्हणजे मधलं अंतर एक दिवस, मग दोन, मग तीन. ते वाढत का जातं? मेसेजला उत्तर न येणं हीही माहितीच असते. पहिल्याला प्रतिसाद नाही मिळाला तर माणूस विसरला असण्याची शक्यता थोडी कमी झाली आणि त्याला हे नको असण्याची थोडी वाढली. दुसऱ्यानंतर आणखी. फायद्याची आशा घटत असताना नुकसानीची शक्यता वाढत जाते, आणि ते नुकसान परत भरून निघत नाही. चिडून पुश बंद केलेला माणूस पुढे महत्त्वाच्या सूचनेलाही मुकतो.

या अंतराची मोजणी कुठून सुरू करायची यावरही बरंच अवलंबून आहे. मोजणी अ‍ॅप टाकल्याच्या दिवसापासून केली, तर चौथ्या दिवशी पहिली नोंद करणाऱ्याला लगोलग पहिल्या आणि तिसऱ्या दिवसाचे मेसेज एकापाठोपाठ एक मिळतात. म्हणून घड्याळ माणसाच्या शेवटच्या कृतीपासून चालवायचं. त्याने नोंद केली की घड्याळ पुन्हा शून्यावर.

वेळेचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात आपल्या हातात एकच धागा असतो: त्याने अ‍ॅप पहिल्यांदा कितीला उघडलं. रात्री नऊला उघडलं असेल, तर नऊच्या सुमारास त्याच्या हातात फोन आणि थोडी उसंत असते असं धरायला हरकत नाही. सगळ्यांना सकाळी दहा ही वेळ पाठवणाऱ्याच्या सोयीची. तास अर्थातच त्या माणसाच्या फोनवरच्या वेळेनुसार मोजायचे. आपला सर्व्हर ज्या देशात आहे तिथल्या घड्याळाशी त्याला देणंघेणं नाही.

शेवटची मर्यादा सगळ्यांवर मिळून. ऑनबोर्डिंग, सवलतीची जाहिरात, नवीन सुविधेची घोषणा असे कंपनीतल्या तीन विभागांचे मेसेज वेगवेगळ्या यंत्रणांतून निघतात, पण फोन एकच असतो. चोवीस तासांत अ‍ॅपकडून एकच, ही सीमा सगळ्या विभागांना एकत्र लागू हवी, आणि पहिले सात दिवस जाहिरात पूर्ण बंद.

## थांबायच्या अटी

खूण गाठली की पूर्ण थांबायचं. ही अट सोपी आहे. बाकीच्यांवर जरा विचार लागतो.

पहिली तात्पुरत्या थांब्याची. गेल्या सहा तासांत माणसाने अ‍ॅप उघडलं असेल तर त्या दिवशीचा मेसेज जाऊ नये, नोंद केली नसली तरीही. अ‍ॅप त्याच्या लक्षात आहे हे तर सिद्धच झालं, मग आठवण कशाची करून द्यायची? त्याची मदत विभागाकडे तक्रार उघडी असेल तरीही थांबायचं. ज्याचं खातं उघडत नाही आणि जो दोन दिवस उत्तराची वाट बघतोय, त्याला 'आज किती खर्च केला?' असा आनंदी मेसेज गेला तर तो कायमचा दुरावतो. हे सहज घडतं, कारण तक्रारींची यंत्रणा आणि मेसेजची यंत्रणा एकमेकींशी बोलतच नाहीत. ती जोडणी हाताने करून घ्यावी लागते.

दुसरी दुर्लक्षाची. सलग दोन पुश गेले आणि त्यानंतरच्या चोवीस तासांत अ‍ॅप उघडलं गेलं नाही, तर तिसरा जाणार नाही. थोडक्यात, सहाव्या दिवसाचा पुश फक्त अशांना मिळतो ज्यांनी आधीच्या दोनपैकी एकाला तरी प्रतिसाद दिला. इथे पुशवर बोट ठेवलं का हे मोजू नये. बरेच लोक मेसेज बाजूला सारतात आणि नंतर स्वतःहून अ‍ॅप उघडतात. तो प्रतिसादच आहे.

तिसरी नकाराची. पुश बंद केले, ईमेलमधलं 'नको' दाबलं, खातं हटवलं, की तत्क्षणी थांबायचं, आणि तोच मजकूर दुसऱ्या मार्गाने पाठवायचा नाही. पुश बंद करणाऱ्याला लगेच ईमेल पाठवणं हे हुशारीचं वाटतं, पण त्याने नकार रस्त्याला दिला नव्हता, बोलण्याला दिला होता. ईमेलच्या बाबतीत हे आता निव्वळ सौजन्य राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पाठवणाऱ्यांना नियम घातले आहेत: अशा ईमेलमधून एका टिचकीत बाहेर पडता आलं पाहिजे, तो नकार दोन दिवसांत अमलात आला पाहिजे, आणि 'स्पॅम' म्हणून येणाऱ्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहिलं पाहिजे. म्हणजे हजारात तिघांनी स्पॅमचं बटण दाबलं की धोका सुरू. आणि त्याची झळ या मालिकेपुरती राहत नाही. पासवर्ड बदलण्याचा ईमेल त्याच पत्त्यावरून जात असेल, तर तोही स्पॅमच्या कप्प्यात पडू लागतो.

अ‍ॅप काढून टाकलेल्यांचं काय? अ‍ॅप काढल्याची बातमी आपल्याला थेट मिळत नाही. पुढचा पुश पाठवायला गेल्यावर गुगलची सेवा `UNREGISTERED` असं उत्तर देते, अ‍ॅपलची सेवा `410` हा क्रमांक देते. ते उत्तर येताच त्या फोनचं नाव यादीतून काढायचं. आणि अ‍ॅप काढलेल्याला 'परत या' असा ईमेल पाठवायचा मोह टाळायचा.

## 'टूलमध्ये अट लावली आहे, तरी चुकीचा मेसेज जातो'

ही तक्रार खरी असते, आणि तिचं मूळ बहुतेक वेळा एकच: अट तपासण्याची वेळ. समजा दुपारी बाराला यंत्रणेने आज नोंद न केलेल्यांची यादी काढली आणि रात्री नऊला त्या यादीवर पुश सोडले. बारा ते नऊ या वेळात ज्यांनी नोंदी केल्या, त्या सगळ्यांना चुकीचा मेसेज जाणार. यादी दुपारी काढायला हरकत नाही, पण प्रत्येक नावाची अट पाठवण्याच्या क्षणी पुन्हा तपासली गेली पाहिजे. रात्री पाठवायचा राहिलेला मेसेज सकाळवर ढकलला, तर सकाळी परत तपासायची.

एवढं केल्यावरही एक फट उरते. माणसाने आठ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी नोंद केली, पण फोनला इंटरनेट नव्हतं. नोंद फोनमध्येच राहिली, सर्व्हरच्या लेखी ती झालीच नाही. नऊ वाजता यंत्रणा तपासते, नोंद दिसत नाही, पुश सुटतो. सव्वानऊला इंटरनेट आलं की नोंद वर जाते आणि 'आजची नोंद राहिली' हा मेसेज खाली येतो. यावर सर्व्हरकडे इलाज नाही, फोनमध्येच आहे: पुश दिसण्याआधी अ‍ॅपने स्वतःच्या साठ्यात आजची नोंद आहे का ते बघावं आणि असेल तर मेसेज दाखवूच नये. हे सगळ्या फोनवर खात्रीने जमत नाही, म्हणून मजकूरच असा लिहावा की तो चुकला तरी टोचणार नाही. 'तुम्ही आज नोंद केली नाही' हा आरोप आहे, आणि तो खोटा ठरू शकतो. 'आजचा खर्च टाकायचा राहिला असेल तर इथे' हे चुकूच शकत नाही.

दुसरी गडबड शिळ्या मेसेजची. गुगलची पुश सेवा, म्हणजे फायरबेस क्लाउड मेसेजिंग, फोन बंद असेल तर मेसेज सांभाळून ठेवते, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर तब्बल चार आठवडे. तीन-चार दिवस बंद असलेला फोन चालू होतो आणि गुरुवारचा 'आजचा खर्च' शनिवारच्या मेसेजसोबत एकदम येऊन धडकतो. यावरचा उपाय पाठवतानाच्या दोन ओळींचा:

```
"android": {
  "ttl": "10800s",
  "collapse_key": "onboarding"
}
```

पहिली ओळ मेसेजचं आयुष्य तीन तासांचं करते. तेवढ्यात पोचला नाही तर तो रद्द. दुसरीमुळे एकाच मालिकेतले दोन मेसेज वाटेत अडकले तर शेवटचाच पोचतो.

तोच मेसेज दोनदा जाणं हाही नेहमीचा प्रकार. पाठवणारं काम मधेच बंद पडतं, यंत्रणा ते पुन्हा सुरू करते, आणि आधी मिळालेल्यांना परत मिळतो. वापरकर्ता आणि टप्पा या जोडीची नोंद पाठवण्याआधी करायची आणि ती जोडी दुसऱ्यांदा स्वीकारायची नाही, म्हणजे हे होत नाही. ही जोडी खात्याला बांधावी, फोनला नाही. नाहीतर नवा फोन घेतलेल्या जुन्या माणसाचं पुन्हा स्वागत होतं.

## एका वापरकर्तीचा आठवडा

हे सगळं एकत्र चालताना कसं दिसतं ते एका कल्पित उदाहरणात बघू. एका वापरकर्तीने मंगळवारी रात्री नऊला अ‍ॅप टाकलं, ईमेल देऊन खातं उघडलं, दोन पडदे बघितले आणि बंद केलं. अवस्था पहिली. परवानगीची चौकट तिला दिसलेलीच नाही. बुधवारी रात्री नऊच्या सुमारास यंत्रणेने तपासलं: नोंद शून्य, गेल्या सहा तासांत अ‍ॅप उघडलेलं नाही, तक्रार नाही. ईमेल गेला. तिने तो वाचून पहिली नोंद केली, परवानगीला होकार दिला. त्याच क्षणी पहिल्या अवस्थेचा शनिवारचा ईमेल रद्द झाला आणि गुरुवारी रात्री नऊचा पुश रांगेत लागला.

गुरुवारी आठ चाळीसला तिने स्वतःहून दोन नोंदी केल्या. एक आणि दोन मिळून तीन, दिवस दोन. खूण गाठली. नऊ वाजता यंत्रणेने तपासलं आणि पुश सोडला नाही. तिची मालिका तिथे संपली, पूर्ण आठवड्यात तिला या मालिकेतला एकच मेसेज मिळाला.

आता गुरुवारी ती अ‍ॅपकडे फिरकलीच नाही असं धरा. नऊला पहिला पुश गेला, शुक्रवारी रात्रीपर्यंत काही नाही. शनिवारी दुसरा गेला, तोही वाया. सलग दोन दुर्लक्षित, म्हणून मंगळवारचा तिसरा रद्द. तिला एक ईमेल आणि दोन पुश मिळाले, आणि मालिका थांबली.

## 'पण मेसेजमुळेच लोक परत येतात, आकडे तसं सांगतात'

टूलचा तक्ता असं सांगतो खरा: मेसेज मिळालेल्यांपैकी इतके लोक अ‍ॅपमध्ये आले, इतक्यांनी खूण गाठली. पण त्यातले कितीजण मेसेज न मिळताही आलेच असते, हे तो तक्ता सांगू शकत नाही. ईमेल उघडल्याच्या आकड्यावर तर विसंबूच नये. २०२१ पासून अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमधली गोपनीयतेची सोय चालू असेल तर माणसाने न बघितलेला ईमेलही उघडल्यासारखा मोजला जातो.

खरं उत्तर मिळवायचा मार्ग एकच आहे: नव्या लोकांपैकी काहींना, चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखं, एकही मेसेज पाठवायचा नाही. समजण्यापुरते आकडे घेऊ. दहा हजार नवे लोक आले, त्यातल्या हजारांना काहीच पाठवलं नाही आणि त्यांतल्या ३०० जणांनी खूण गाठली, म्हणजे ३० टक्के. उरलेल्या नऊ हजारांत २,९७० जणांनी गाठली, म्हणजे ३३ टक्के. तक्ता २,९७० जणांचं श्रेय मालिकेला देईल. प्रत्यक्षात त्यातले २,७०० आपले आपणच पोचले असते, मालिकेची कमाई २७० जणांची. आणि तीन टक्क्यांचा हा फरकही हजारांच्या गटावर अगदी काठावरचा आहे, नुसत्या योगायोगाने जवळपास तेवढा दिसू शकतो. म्हणून आणखी काही आठवडे हाच प्रयोग चालू ठेवावा लागतो.

याच तुलनेत दुसरी बाजूही बघायची: दोन्ही गटांत पुश बंद करणारे आणि अ‍ॅप काढून टाकणारे किती. दोन टक्के लोक जास्त पोचले पण पाच टक्के जास्त लोकांनी पुश बंद केले, तर हा सौदा तोट्याचा ठरू शकतो. असं दिसलं की कुठला एक मेसेज काढून टाकल्यावर पोचणाऱ्यांची संख्या घटत नाही हे शोधायचं. माझ्या मते सुरुवात मालिकेतल्या शेवटच्या मेसेजपासून करावी, कारण तो सगळ्यात कमी आशेवर पाठवलेला असतो.

## सात दिवसांनंतर

खूण न गाठलेल्यांना सातव्या दिवसाअखेर मालिकेतून बाहेर काढायचं आणि ते कुठल्या अवस्थेत थांबले याची नोंद ठेवायची. यातली नेहमीची घसरण म्हणजे मालिका संपताच त्यांना आपोआप जाहिरातीच्या यादीत ढकलणं. दोन पुशना उत्तर न देणारा माणूस आठव्या दिवशी सवलतीला उत्तर देईल असं धरायला काही आधार नाही. त्याला किमान तीन आठवडे काही जाऊ नये. त्याने स्वतः अ‍ॅप उघडलं तर पहिल्या आठवड्याची मालिका पुन्हा सुरू करायची नाही. जिथे तो थांबला होता तोच पडदा त्याच्यासमोर आणायचा, 'नवी नोंद' अर्धवट सोडली असेल तर टाकलेल्या आकड्यासकट.